निरोप येतो आणि निरोप घेतो

2021 च्या एप्रिलमध्ये माझी आत्या न्यू जर्सीला, मुलाकडे होती. फायझरचा दुसरा डोस घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "अगं, काखेत अवधाण आल्यासारखी गाठ लागतेय. दंडही ठणकतोय. तू त्या आरएनएवर काम केलंयस ना? मग मला सांग, हे जे आत घातलंय ते बाहेर कधी पडणार?"

आत्याने तीस वर्षं शाळेत शिकवलं. प्रश्न विचारला की उत्तर पूर्ण मिळेपर्यंत ती सोडत नाही. मी तिला म्हटलं, "बाहेर पडावं लागत नाही, एक-दोन दिवसांत आतच मोडून जातं." ती "बरं" म्हणाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. तेव्हाचं माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. तिला तेव्हा सांगायला हवं होतं ते, आणि नंतरच्या चार वर्षांत जे नव्याने कळलं ते, असं दोन्ही इथे लिहिते आहे.

एमआरएनएमधला 'एम' मेसेंजरचा. मराठीत त्याला संदेशवाहक म्हणतात, पण मला आपला जुना 'निरोप' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. निरोप पाठवतात आणि निरोप घेतातही. या रेणूच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे आहेत. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, तो घराच्या कागदपत्रांसारखा कुलपात राहतो. एखादं प्रथिन बनवायचं असलं की त्यातल्या नेमक्या तेवढ्या मजकुराची नक्कल केंद्रकाबाहेर पाठवली जाते. ती नक्कल म्हणजे एमआरएनए. बाहेर रायबोसोम नावाची यंत्रं ती वाचतात, प्रथिन जोडतात आणि काम झालं की नक्कल फाडून टाकली जाते. असा तात्पुरता निरोप पेशीत असतो हे 1961 मध्ये सिद्ध झालं. सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेलसन यांनी जिवाणूंवर केलेला तो प्रयोग होता. आपल्या प्रत्येक पेशीत या क्षणी असे लाखो निरोप वाचले जात आहेत आणि फाडलेही जात आहेत. लसीने या चालू कारभारात बाहेरून आणखी एक निरोप सरकवला.

आपल्याकडे बहुतेकांनी कोव्हिशिल्ड घेतली, ती या जातीची नव्हे. तिच्यात एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पोटात डीएनए होता. तो पेशीच्या केंद्रकापर्यंत जायचा आणि तिथे त्याच्यावरून पेशी स्वतःच एमआरएनए काढायची. म्हणजे दंडात टोचलेलं वेगळं असलं तरी शेवटी वाचला गेला तो निरोपच. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींनी मधली पायरी गाळली आणि तयार निरोपच पाठवला.

त्या निरोपात काय लिहिलेलं होतं? फायझर-बायोएनटेकच्या मूळ लशीतला मजकूर 4284 अक्षरांचा आहे. अक्षरं चारच, ए, जी, सी आणि यू. यातल्या यूची गोष्ट पुढे येते. सगळ्यात आधी एक टोपी असते. हा रासायनिक गाठीसारखा तुकडा पेशीच्या स्वतःच्या निरोपांवरही असतो आणि तो नसला तर रायबोसोम कागदाला हात लावत नाही. त्यामागून पन्नासएक अक्षरांची प्रस्तावना येते. तिचं काम एवढंच, की रायबोसोमला इथे बसायला जागा मिळावी. ती माणसाच्या अल्फा ग्लोबिन जनुकावरून घेतली आहे. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग ज्याच्यावरून बनतो तेच हे जनुक, आणि त्याचा निरोप पेशी भराभर वाचतात. मग येतात ए-यू-जी ही तीन अक्षरं. त्यांचा अर्थ 'इथून सुरू'.

पुढचा मजकूर तीन-तीन अक्षरांचा एक शब्द या हिशेबाने वाचायचा. प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल. असे 1273 शब्द झाले की करोनाच्या विषाणूच्या अंगावरचं स्पाइक प्रथिन पूर्ण होतं. विषाणूकडे एकूण मजकूर जवळपास तीस हजार अक्षरांचा असतो. स्वतःच्या नकला कशा काढायच्या, आवरण कसं बांधायचं, पेशीला कसं गप्प करायचं, हे सगळं त्यात असतं. लशीत त्यातला फक्त काट्याचा भाग आहे, त्यामुळे त्यावरून विषाणू बनू शकत नाही.

पहिले काही शब्द पत्त्याचं काम करतात. ते सांगतात, 'हे प्रथिन आतल्या पाण्यात सोडू नका, पेशीच्या पडद्याकडे पाठवा.' मजकूर संपला की यूजीए, म्हणजे 'थांब'. लशीत तो शब्द दोनदा लिहिला आहे, एखाद्या यंत्राकडून पहिला हुकला तर दुसऱ्याने तरी थांबावं म्हणून. शेवटी शेपूट. तीस ए, मग दहा वेगळी अक्षरं, मग पुन्हा सत्तर ए. मधली दहा अक्षरं कारखान्याच्या सोयीची आहेत. या निरोपाचा साचा जिवाणूंमध्ये वाढवला जातो आणि एकाच अक्षराची लांबलचक रांग जिवाणूंच्या हातून नक्कल होताना आखडत जाते. रांग मध्ये तोडली की ती टिकते. शेपटीला स्वतःचा अर्थ काही नाही, पण निरोपाचं आयुष्य तिच्यावरच मोजलं जातं.

मजकुरात माणसाने केलेली एक दुरुस्ती आहे. स्पाइक हे ताणून अडकवलेल्या स्प्रिंगसारखं प्रथिन असतं. विषाणू पेशीला भिडला की ती स्प्रिंग सुटते आणि प्रथिनाचा आकारच पालटतो. कधी कधी ती काही न भिडताही सुटते. अशा सुटलेल्या आकाराविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी फारशा कामाच्या नसतात, कारण विषाणू अडवायचा तर न सुटलेला आकार ओळखता यायला हवा. म्हणून 986 आणि 987 या क्रमांकांच्या जागी प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल बसवलं. स्प्रिंग अडकूनच राहते. जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम, किझमेकिया कॉर्बेट, निआनशुआंग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती मर्स या करोनाच्या भाऊबंद विषाणूवर आधीच सिद्ध केली होती. 2017 मध्ये ती छापूनही आली होती. त्यामुळे 2020 च्या जानेवारीत नव्या विषाणूचा मजकूर हाती आला तेव्हा कुठले दोन शब्द बदलायचे हे आधीच ठाऊक होतं.

आता दंडात सुई शिरते त्या क्षणापासून बघू. एका डोसात 30 मायक्रोग्रॅम एमआरएनए असतो. मिठाच्या एका बारीक कणाचं वजनही याहून जास्त भरेल. पण रेणू इतके लहान, की तेवढ्यात त्याच एका निरोपाच्या सुमारे 13 लाख कोटी प्रती मावतात. इतक्या कशाला, हे समजायचं तर आरएनए किती नाजूक असतो ते आधी सांगायला हवं.

एम.एस्सी.ला असताना मी दीड दिवस खपून पेशींमधून आरएनए काढला होता. सगळं बर्फावर, हातमोजे घालून. फक्त एकदा टिप्सच्या डब्याचं झाकण उघडताना मोजा काढलेला होता. संध्याकाळी जेल चालवली आणि अतिनील दिव्याखाली धरली. चांगल्या आरएनएचे दोन ठळक पट्टे दिसतात, ते रायबोसोमच्या आरएनएचे. माझ्या जेलवर पट्टे नव्हते. वरपासून खालपर्यंत ओघळलेला नारिंगी धूसर डाग तेवढा होता. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "स्मिअर आलाय. डिग्रेड झाला. हात लागला कुठेतरी." आपल्या कातडीवर, घामात, थुंकीत आरएनए चिरणारी एन्झाइम्स सतत असतात. त्यांना उकळलं तरी थंड झाल्यावर ती पुन्हा कामाला लागतात. बोटाचा एक स्पर्श पुरला होता. एवढंच नाही, नुसत्या पाण्यात, उबेत ठेवला तरी आरएनए स्वतःच स्वतःला तोडतो. त्याच्या साखरेवर असलेला एक जास्तीचा ऑक्सिजन शेजारच्या दुव्यावर चाल करतो आणि साखळी तुटते. चार हजारांवर अक्षरांच्या मजकुरात एक जरी तूट पडली, तरी निरोप पूर्ण वाचला जात नाही. फायझरची लस उणे सत्तरच्या आसपास गोठवून पाठवावी लागली, त्याचं मोठं कारण हेच.

म्हणून निरोप उघडा पाठवत नाहीत. तो मेदाच्या बारीक गोळीत गुंडाळलेला असतो. गोळीची जाडी मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढी. पेशीला ती खाण्याची वस्तू वाटते. पेशी तिला पडद्याच्या खिशात ओढून घेते आणि मग तो खिसा हळूहळू आंबट करायला लागते, कारण आत आलेलं पचवायची तिची ती रीत आहे. गोळीतला मुख्य मेद इथे कामाला येतो. रक्तात असताना त्याच्यावर विद्युतभार नसतो. आंबटपणा वाढला की तो धनभारित होतो, खिशाच्या भिंतीला चिकटतो आणि ती फाडतो. निरोप पेशीच्या आतल्या पाण्यात सुटतो.

पण सुटतात थोडेच. प्रयोगशाळांतल्या मोजमापांप्रमाणे शंभरातले मोजकेच निरोप खिशातून निसटतात, बाकीचे तिथेच पचून जातात. म्हणजे आत्याच्या दंडातल्या बहुतेक प्रती एकदाही न वाचल्या जाता मोडल्या. लाखो कोटी प्रती लागतात त्या यासाठी. काही गोळ्या स्नायूंच्या पेशींत जातात. बऱ्याच गोळ्या टोचल्या जागी धावून आलेल्या प्रतिकारपेशी गिळतात आणि त्यांच्यासह काखेतल्या लसिकाग्रंथींत पोचतात. थोडा भाग रक्तावाटे पुढे सरकतो. उंदरांवरच्या चाचण्यांत मेदाचा काही अंश यकृतात सापडला होता. आत्याच्या काखेत लागलेली गाठ म्हणजे ती लसिकाग्रंथीच. तिथे काम सुरू झालं होतं म्हणून ती फुगली होती.

निसटलेल्या निरोपावर रायबोसोम बसतो. टोपीपाशी धरतो, ए-यू-जी सापडेपर्यंत सरकतो आणि वाचायला लागतो. माणसाच्या पेशीत त्याचा वेग सेकंदाला साधारण पाच अमिनो आम्लांचा असतो. त्या हिशेबाने एक स्पाइक पूर्ण व्हायला चारेक मिनिटं लागतात. पहिला थोडा पुढे गेला की मागून दुसरा बसतो, मग तिसरा, आणि एकाच निरोपावर रायबोसोमांची माळ धावत राहते. बनत असलेलं प्रथिन आतल्या पडद्यांच्या घड्यांत शिरतं, तिथे त्याच्यावर साखरेचे तुरे बसतात, तीन-तीन प्रथिनं मिळून एक काटा होतो आणि तो पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन उभा राहतो. काही प्रथिनांचे तुकडे करून पेशी तेही बाहेर टांगते. प्रतिकारपेशी हे दोन्ही बघतात. काट्यावरून अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी जाग्या होतात, तुकड्यांवरून टी पेशी. काटा मिरवणाऱ्या काही पेशींना टी पेशी मारूनही टाकतात. दंड दुखण्यात त्याचाही थोडा वाटा असणार.

आता यूची गोष्ट. पेशी बाहेरच्या आरएनएला सहजासहजी फसत नाही. कितीतरी विषाणूंचा मजकूर आरएनएतच असतो, म्हणून खिशात अनोळखी आरएनए आला की तिचे पहारेकरी ओरडतात. मग इंटरफेरॉन सुटतं आणि पेशी रायबोसोमच बंद करते, सापडेल तो आरएनए चिरायला घेते. निरोप पोचला तरी वाचायला कोणी नाही, अशी गत होते. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांच्या ध्यानात आलं, की आपल्या स्वतःच्या आरएनएमधली बरीच अक्षरं बनल्यानंतर थोडी बदललेली असतात आणि पहारेकरी यू बदलला आहे का हे विशेष तपासतात. 2005 मध्ये त्यांनी दाखवलं, की यूच्या जागी त्याचं किंचित वेगळं रूप घातलं तर आरडाओरडा थांबतो. 2023 चं नोबेल त्यासाठी मिळालं. फायझर आणि मॉडर्नाच्या निरोपात साधा यू एकही नाही. प्रत्येक ठिकाणी एन-1-मिथिलस्यूडोयुरिडिन आहे. रायबोसोम ते यू म्हणूनच वाचतो.

जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या क्युअरव्हॅक कंपनीने मूळ यू ठेवूनच लस बनवली. अंगावर फार येते म्हणून डोस 12 मायक्रोग्रॅमच्या वर नेता आला नाही. 2021 च्या चाचणीत तिने आजार टाळण्याचं प्रमाण 48 टक्के निघालं. तोवर विषाणूचे नवे प्रकार आले होते, त्यामुळे सगळा दोष त्या एका अक्षराला देता येणार नाही. पण डोस वाढवता न येण्याचं कारण बऱ्याच जाणकारांनी तेच मानलं.

बदललेल्या यूची किंमतही मोजावी लागते, हे 2023 च्या शेवटी केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं. काही ठिकाणी हे अक्षर ओळीने आलं की रायबोसोम अडखळतो आणि एक घर पुढे घसरतो. तिथून पुढचे सगळे शब्द चुकीचे वाचले जातात, कारण तीन-तीनची जोडणीच सरकलेली असते. त्यांनी चाचणीसाठी बनवलेल्या निरोपात घसरून बनलेलं प्रथिन नीट बनलेल्याच्या आठ टक्क्यांच्या घरात होतं. लस घेतलेल्या काही जणांच्या टी पेशींनी अशा वेड्यावाकड्या तुकड्यांची दखल घेतल्याचंही दिसलं. त्यातून आजार झाल्याचं आढळलं नाही. उपायही तिथेच सापडला. एकाच अमिनो आम्लाला बहुधा दोन-चार पर्यायी शब्द असतात, तर घसरणीच्या जागी दुसरा शब्द लिहायचा. पुढच्या लशींसाठी ही फार कामाची गोष्ट आहे.

आत्याचा खरा प्रश्न पुढचा होता. निरोप वाचून झाला, मग त्याचं काय होतं?

तो शेपटीकडून मरायला लागतो. पेशीत एक यंत्रणा सतत शेपटीचे ए कुरतडत असते. ती या निरोपाला वेगळं काढत नाही, पेशीच्या स्वतःच्या निरोपांशीही ती तशीच वागते. शेपटीला प्रथिनं बिलगलेली असतात आणि ती दुसऱ्या टोकाच्या टोपीशी हात मिळवून असतात, त्यामुळे निरोपाचं कडं बनतं. शेपूट फार आखूड झाली की हात सुटतो. मग टोपी कापणारं एन्झाइम येतं. टोपी गेली की त्या टोकाकडून एक्सआरएन-1 नावाचं एन्झाइम अक्षरामागून अक्षर खात जातं आणि दुसऱ्या टोकाकडून एक्सोसोम नावाचं गाठोडं तेच करतं. सुटलेले ए, जी, सी हे पेशीच्या रोजच्या साठ्यात जमा होतात. पेशीने हे असं करायलाच हवं. कालचा निरोप आज पुसला नाही, तर तिला आजचं काम बदलता येणार नाही.

याला किती वेळ लागतो? 1990 मध्ये विस्कॉन्सिनच्या जॉन वुल्फ यांच्या गटाने उंदराच्या स्नायूत उघडा एमआरएनए टोचला आणि प्रथिन बनतं हे दाखवलं, तेव्हा ते थोड्या काळात ओसरलं होतं. लशीतला निरोप टोपी, शेपूट आणि बदललेल्या यूमुळे जास्त टिकतो. बहुतेक प्रती काही तासांपासून काही दिवसांत जातात. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळ्या' नव्हे, आणि माझं आत्याला दिलेलं उत्तर तिथेच उणं पडलं होतं.

अमेरिकेत मॉडर्नाचा पहिला डोस घेतलेल्या तेरा जणांचं रक्त वारंवार तपासलं. अकरा जणांत स्पाइकचा तुकडा सापडला. कुणात तो पहिल्याच दिवशी दिसला, सरासरी पाचव्या दिवशी सर्वात जास्त होता आणि चौदाव्या दिवसापर्यंत दिसेनासा झाला. प्रमाण मिलिलिटरमागे ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागांत मोजावं लागेल एवढं कमी. डेन्मार्कमध्ये काही जणांच्या रक्तात निरोपाचे तुकडे 28 दिवसांपर्यंत मिळाले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काखेतल्या लसिकाग्रंथींचे बारीक नमुने सुईने काढून पाहिले, तर दुसऱ्या डोसानंतर 60 दिवसांपर्यंत तिथे निरोप दिसला. तोही नेमका त्या ठिकाणी, जिथे बी पेशी अधिकाधिक अचूक अँटिबॉडी बनवायला शिकतात.

इतका काळ कसा, याचा एक धागा 2025 मध्ये वॉर्सातून मिळाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी मॉडर्नाच्या निरोपाची शेपूट थेट मोजली. बऱ्याच पेशींत ती ठरल्याप्रमाणे आखूड होत होती. पण मॅक्रोफेज या गिळणाऱ्या प्रतिकारपेशींमध्ये उलटं घडत होतं. तिथलं टेंट-5ए नावाचं एन्झाइम शेपटीला नवे ए जोडत होतं. एका बाजूने कुरतडणं, दुसऱ्या बाजूने विणणं. ज्या उंदरांत हे एन्झाइम नव्हतं, त्यांच्यात प्रथिनही कमी बनलं आणि प्रतिकारही दुबळा पडला. कुठल्या पेशीत शिरलो यावर निरोपाचं आयुष्य ठरतं, हे मला स्वतःला यातून प्रथमच नीट कळलं.

जिथे गणित बिघडलं त्याचंही सांगायला हवं. लशीनंतर थोड्या जणांना, त्यातही तरुण मुलांना आणि दुसऱ्या डोसानंतर, हृदयाच्या स्नायूला सूज आली. बॉस्टनमध्ये अशा सोळा किशोरवयीन आणि तरुण रुग्णांच्या रक्तात अँटिबॉडीने न पकडलेलं, मोकळं स्पाइक सापडलं. त्याच वयाच्या निरोगी लसवंतांत ते नव्हतं. अँटिबॉडी दोन्हीकडे सारख्याच होत्या. ते मोकळं स्पाइक सुजेचं कारण आहे की परिणाम, हे त्या निरीक्षणातून ठरत नाही.

"मग ते आपल्या डीएनएत शिरतं का?" हेही आत्याने विचारलं होतं, वेगळ्या शब्दांत. निरोप केंद्रकाबाहेर वाचला जातो आणि तिथेच मोडतो. आरएनएवरून डीएनए बनवायला वेगळं एन्झाइम लागतं आणि तो डीएनए गुणसूत्रात शिवायला आणखी एक. लशीत दोन्ही नाहीत. आपल्या पेशींत मात्र पहिल्या प्रकारचं एक जुनं एन्झाइम झोपलेलं असतं आणि कर्करोगाच्या पेशींत ते जागं असतं. 2022 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे यकृताच्या कर्करोगाच्या, बशीत वाढवलेल्या पेशींवर लस ओतली, तेव्हा निरोपाच्या काही भागाच्या डीएनए नकला मिळाल्या. त्या गुणसूत्रात शिरल्याचं त्यांनी दाखवलं नव्हतं. बशीतल्या कर्करोगपेशी आणि माणसाचा दंड यांत फार अंतर आहे, आणि माणसांत असं घडल्याचा पुरावा पुढे आलेला नाही.

निरोप लवकर मरतो, हीच अडचण मानून पुण्यात वेगळी वाट चोखाळली गेली. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅकला 2022 च्या जूनमध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, ती भारतातली पहिली एमआरएनए लस. या निरोपात स्पाइकच्या आधी आणखी एक लांबलचक मजकूर असतो, तो अल्फाविषाणूकडून घेतलेला. पेशी आधी त्यावरून नक्कल काढणारं यंत्र बनवते आणि ते यंत्र त्याच निरोपाच्या प्रती काढत सुटतं. त्यामुळे थोड्या निरोपात भागतं. पण नकला काढताना आरएनएच्या दुहेरी पट्ट्या बनतात. पेशीला विषाणूची याहून ठळक खूण दुसरी नाही. पहारेकरी जागे होतात आणि काही काळाने तो कारखाना बंद पाडतात. म्हणजे या निरोपालाही अखेर आहेच, फक्त ती थोडी लांबते. ओमायक्रॉनसाठीची तिची पुढची आवृत्ती 2023 मध्ये आली. ती सुकवलेल्या भुकटीच्या रूपात साध्या फ्रिजच्या तापमानाला राहते आणि सुईशिवाय, दाबाच्या उपकरणाने कातडीत देतात. कोरड्या भुकटीत पाणी नाही, त्यामुळे आरएनए स्वतःला तोडत नाही. माझ्या जेलवरचा तो ओघळ आठवला की या भुकटीमागची मेहनत मला जास्त कळते.

आत्या आता सातारला असते. मागच्या दिवाळीत मी तिला हे सगळं कागदावर आकृत्या काढून सांगितलं. शेपूट, टोपी, कुरतडणं. काखेतली गाठ तेव्हाच, पंधरा दिवसांत, बसली होती. तिने आकृतीवरचा ए-ए-ए-एचा शेवट बोटाने झाकला आणि विचारलं, "म्हणजे आता माझ्यात यातलं काहीच नाही?"

"निरोप नाही," मी म्हटलं. "ज्यांनी तो बघितला त्या बी पेशींची लेकरं आहेत, हाडांच्या मगजात."

"किती?"

ते मी मोजलेलं नव्हतं. आत्याने कागद घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवला.